तारेवरची बोलणी

इंटरनेटचा प्लॅन ३०० एमबीपीएसचा. मोबाइलवर वायफायने वेग मोजला तर अडीचशेच्या पुढे दिसतो. तरीही खात्री करावी म्हणून लॅपटॉपला केबल लावावी, तर आकडा यावा ९४. दुपारी मोजा, रात्री दोनला मोजा, ९४च. कंपनीचा माणूस येतो, राउटर बंद करून पुन्हा चालू करतो, स्वतःच्या फोनवर मोजून २६० दाखवतो आणि सही घेऊन जातो. त्याचे काही चुकलेले नसते. आपले गाऱ्हाणेही खोटे नसते.

इंटरनेट खरोखर मंदावते तेव्हा आकडा वर-खाली होतो, संध्याकाळी पडतो, पहाटे सुधारतो. एकाच जागी ठाण मांडून बसलेला ९४ हा वेगळा प्रकार आहे. केबलवरून माहिती ‘फ्रेम’ नावाच्या गठ्ठ्यांतून जाते. पूर्ण भरलेला एक गठ्ठा, त्याच्या पुढची सूचना आणि मागची सक्तीची मोकळी जागा धरून, तारेवर १५३८ बाइटांची जागा खातो. त्यातली आपल्या कामाची माहिती असते साधारण १४४८ बाइट. भागाकार केला की ०.९४ येतो. म्हणजे १०० एमबीपीएसने चालणारी तार तुडुंब भरली, की वेग मोजणारे ॲप ९४ दाखवते. त्या आकड्याचा अर्थ असा, की आपला लॅपटॉप आणि समोरचा राउटर यांनी आपसात १०० वर समझोता केला आहे. दोघांच्याही अंगात १००० ची ताकद असताना त्यांनी असे का ठरवले, हे समजायचे तर हे ठरते कसे तेच पाहावे लागते.

इथरनेटचा जन्म १९७३ साली कॅलिफोर्नियातल्या झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो संशोधन केंद्रात झाला. रॉबर्ट मेटकाफ आणि डेव्हिड बॉग्ज यांच्या त्या पहिल्या जाळ्याचा वेग होता २.९४ एमबीपीएस. पुढे तो १० झाला. १९९० मध्ये हे १० टेलिफोनसारख्या पीळ दिलेल्या तारांच्या जोड्यांवरून नेण्याचे मानक आले, आणि आज आपण जिला लॅन केबल म्हणतो ती घराघरांत पोचण्याची वाट मोकळी झाली. १९९५ मध्ये १००, १९९९ मध्ये त्याच प्रकारच्या तांब्याच्या तारेवर १०००, आणि २००६ मध्ये १०,०००. दर पिढीला दहापट, असा हा हिशेब चालला होता. मग २०१६ मध्ये मानक ठरवणाऱ्यांनी चक्क मागे वळून २५०० आणि ५००० असे दोन मधले वेग आणले. वायफायची नवी यंत्रे हजाराच्या पुढे गेली होती आणि इमारतींच्या भिंतींत मात्र जुन्याच केबली होत्या. भिंत फोडण्यापेक्षा मधला वेग काढलेला बरा, हा शहाणपणा मला तरी दहापटीच्या उड्यांपेक्षा जास्त आवडतो.

या पिढ्यांतला एक फरक लक्षात ठेवायचा. लॅन केबलमध्ये आठ तारा असतात, म्हणजे चार जोड्या. १० आणि १०० या वेगांना त्यांतल्या दोनच जोड्या लागतात: एक पाठवायला, एक ऐकायला. बाकीच्या दोन नुसत्या पडून असतात. १००० ला चारही जोड्या लागतात, आणि प्रत्येक जोडीवर एकाच वेळी दोन्ही बाजूंनी बोलणे चालते. आपल्याच आवाजाचा प्रतिध्वनी वजा करून समोरच्याचे ऐकायचे काम दोन्ही टोकांच्या चिप करतात.

वेगाखेरीज आणखी एक गोष्ट ठरवावी लागते, ती म्हणजे ड्युप्लेक्स. जुन्या काळी अनेक संगणक एका हबला जोडलेले असत आणि एका वेळी एकानेच बोलायचे असा नियम होता. बोलण्याआधी कानोसा घ्यायचा. दोघे एकदमच बोलले तर दोघांनी थांबायचे, थोडा वेळ वाट पाहायची आणि पुन्हा प्रयत्न करायचा. हे हाफ ड्युप्लेक्स. हबच्या जागी स्विच आला तेव्हा प्रत्येक यंत्राला स्वतःची अशी वेगळी तार मिळाली. पाठवायची आणि ऐकायची जोडी वेगळी असल्यामुळे थांबण्याचे कारणच उरले नाही. हे फुल ड्युप्लेक्स.

१९९५ साली प्रश्न असा होता, की बाजारात १० ची लाखो जुनी कार्डे, १० चे हब, आणि आता १०० ची नवी यंत्रे, हे सगळे एकाच आकाराच्या प्लगने एकमेकांना जोडले जाणार. नव्याने जुन्याला ओळखायचे कसे? ज्या उपायावर आजही सगळा कारभार चालतो तो फार देखणा आहे.

१० च्या जुन्या यंत्रांना एक सवय होती. पाठवण्याजोगे काही नसले तरी दर १६ मिलिसेकंदांनी ती तारेवर एक बारीक ठोका देत. समोरच्याला कळावे, की तार शाबूत आहे आणि पलीकडे कोणी आहे. नव्या योजनेत या एका ठोक्याच्या जागी ठोक्यांचा झुबका आला. झुबक्यात ३३ जागा असतात. त्यांतल्या एकाआड एक अशा १७ जागांवर ठोका असतोच. तो नुसता ताल धरण्यासाठी. मधल्या १६ जागांवर ठोका असला तर एक, नसला तर शून्य. साऱ्या झुबक्याला साधारण दोन मिलिसेकंद लागतात, आणि तेवढ्यात सोळा अक्षरांची एक चिठ्ठी पलीकडे जाते. जुने कार्ड इतक्या जवळजवळ आलेल्या ठोक्यांना वेगवेगळे मोजतच नाही. त्याला तो झुबका आपला नेहमीचा एक ठोका वाटतो. नव्याला नवे कळते, जुन्याचे काही बिघडत नाही.

त्या चिठ्ठीत यंत्र आपल्याला काय काय जमते ते सांगते: १० हाफ, १० फुल, १०० हाफ, १०० फुल, आणि अशाच काही गोष्टी. समोरच्याची एकच चिठ्ठी लागोपाठ तीनदा जशीच्या तशी मिळाली, की ‘पोचली’ अशी खूण आपल्या चिठ्ठीत करून पाठवायची. दोन्हीकडून पोच मिळाली की बोलणी संपली. कोणी कोणाला हुकूम देत नाही, घासाघीसही होत नाही. दोघांजवळ पसंतीचा एकच ठरलेला क्रम असतो. त्यात वरून खाली येताना जो प्रकार दोन्ही याद्यांत पहिल्यांदा सापडेल तो दोघेही आपापल्या जागी निवडतात. यादी सारखी, क्रम सारखा, म्हणून उत्तरही सारखेच. १००० चा वेग आला तेव्हा सोळा अक्षरांत जागा उरली नव्हती, म्हणून ‘पुढे पान आहे’ अशी खूण करून जादा पाने जोडण्याची सोय वापरली गेली. त्या पानांत आणखी एक गोष्ट ठरते: दोघांपैकी ताल कोणी धरायचा आणि कोणी त्याच्या मागून जायचे.

ही सगळी बोलणी केबलच्या दोनच जोड्यांवर होते, आणि ती फार संथ असते. ठोके इतके सावकाश असतात, की गंजलेल्या, ताणलेल्या, कशीबशी जोडलेल्या तारेवरूनही ते पलीकडे पोचतात. त्यानंतर जो खरा संदेश धावणार, त्याच्या मात्र प्रत्येक जोडीवर सेकंदाला साडेबारा कोटी खुणा असतात. यादीत ‘मला हजार जमते’ असे लिहिलेले असते ते यंत्राबद्दल. मधल्या तारेबद्दल त्यात अक्षरही नसते.

आपला ९४ चा गुंता इथे सुटतो. भिंतीतल्या केबलची तपकिरी जोडी कुठेतरी तुटली आहे असे धरू. प्लगमध्ये तारा बसवण्याच्या सर्वांत रूढ रंगक्रमात नारिंगी आणि हिरवी या जोड्या १० आणि १०० च्या कामाच्या. निळी आणि तपकिरी या फक्त १००० ला लागणाऱ्या. बोलणी नारिंगी-हिरवीवर झाली, दोघांनी हजार जमते म्हणून सांगितले, हजार ठरले. मग चारही जोड्यांवर सूर जुळवायला घेतले तर चौथी मुकी. लिंक लागत नाही. पुन्हा बोलणी, पुन्हा हजार, पुन्हा अपयश. मूळ मानकाप्रमाणे चालायचे तर दिवा लागत-विझत राहिला असता. म्हणून अनेक चिपांत उत्पादकांनी आपल्या पदरची एक सोय घातली आहे: काही वेळा फसले की यादीतून हजार गुपचूप काढायचे आणि १०० वर जुळवून घ्यायचे. सोय चांगली, पण ती तक्रार करत नाही. विंडोजमध्ये इथरनेटच्या पानावर `Link speed (Receive/Transmit)` या ओळीसमोर `100/100 (Mbps)` एवढेच दिसते, आणि ती ओळ मुद्दाम जाऊन कोण पाहतो?

तार तुटण्याचीही गरज नसते. एका केबलमधल्या दोन जोड्या लॅनला आणि उरलेल्या इंटरकॉमला, अशी काटकसर केलेली आढळते. चारच तारांच्या स्वस्त, चपट्या जोडकेबलीही मिळतात. शोध घ्यायची रीत सोपी आहे. आधी टेबलावरची छोटी केबल बदलून पाहायची, कारण बहुतेक वेळा दोषी तीच असते. मग तोच लॅपटॉप थेट राउटरपाशी नेऊन चांगल्या केबलने जोडायचा. तिथे १००० दिसले तर दोष भिंतीतल्या तारेत किंवा तिच्या टोकाच्या प्लगमध्ये. आठ दिव्यांचा साधा टेस्टर कोणती तार तुटली ते क्रमांकासह दाखवतो. पण त्यालाही एक गोष्ट दिसत नाही. कोणी रंगक्रम न पाळता १-२, ३-४, ५-६, ७-८ अशा सरळ जोड्या दोन्ही टोकांना बसवल्या असतील, तर आठही दिवे क्रमाने लागतात. मात्र ३ आणि ६ या एकत्र असायला हव्या त्या तारा वेगवेगळ्या जोड्यांत गेलेल्या असतात, पिळाचा उपयोग संपतो आणि तारा एकमेकींत कुजबुज मिसळू लागतात. टेस्टरला ‘ओके’ वाटलेली ती केबल वेगाला कधीच दाद देत नाही. आणि टीव्हीची तक्रार असेल तर केबलला हात लावण्याआधी टीव्हीची माहितीपुस्तिका पाहावी. अनेक स्मार्ट टीव्हींचा लॅन पोर्ट मुळात १०० चाच असतो. त्याच्या यादीत हजार नसतेच.

आतापर्यंतच्या बिघाडात निदान दोन्ही टोके एकमेकांशी बोलत होती. एक टोक बोलायलाच तयार नसेल तर होणारा घोटाळा याहून लबाड असतो.

स्विचच्या किंवा राउटरच्या पोर्टवर वेग आणि ड्युप्लेक्स हाताने पक्के करता येतात: ‘१०० फुल, बस’. असे केले की बऱ्याच यंत्रांत बोलणी बंद पडते. ठोक्यांचे झुबके जातच नाहीत. पलीकडचे यंत्र ऑटोवर असले तर ते आपली चिठ्ठी पाठवत राहते आणि उत्तर येत नाही. तरी त्याला तारेवर १०० च्या संकेताची संथ गुणगुण ऐकू येते. तिच्यावरून वेग ओळखता येतो. ड्युप्लेक्स मात्र त्या गुणगुणीत कुठेच नसते. अशा वेळी काय करायचे ते मानकाने ठरवून दिले आहे: हाफ धरा. १९९५ सालचा विचार केला तर हे बरोबरच होते, कारण तेव्हा न बोलणारे टोक म्हणजे बहुधा जुना हब, आणि हबला फुल जमतच नाही. पण आज गप्प बसलेले टोक बहुतेकदा कोणीतरी हाताने फुलवर बांधलेले असते. परिणामी एक टोक हाफ, दुसरे फुल. दोन्हीकडे हिरवा दिवा, वेग दोन्हीकडे १००.

एक उदाहरण कल्पून पाहू. तालुक्याच्या गावी एका पतसंस्थेची शाखा आहे. मुख्य कार्यालयाशी २० एमबीपीएसची लीज्ड लाइन. लाइन देणाऱ्याने आपल्या कन्व्हर्टरचा पोर्ट १०० फुलवर पक्का करून ठेवला होता, आणि शाखेचा जुना राउटरही तसाच पक्का केला होता. दोन्हीकडे सारखेच, त्यामुळे कित्येक वर्षे कुरकुर नाही. शनिवारी राउटर जळाला, नवा बसवला. नवा राउटर कारखान्यातून ऑटोवरच येतो. दिवा लागला, पिंग लागला, उत्तर चटकन आले, माणूस निघून गेला. सोमवारी खातेदाराची शिल्लक दिसत होती, पासबुके छापली जात होती. रात्रीचा बॅकअप मात्र अडकला. २ जीबीची फाइल २० एमबीपीएसने तेरा-चौदा मिनिटांत जायला हवी. ती सकाळी कर्मचारी आले तरी चाललेलीच होती.

पिंगने फसवले ते असे. पिंगमध्ये एक छोटा निरोप जातो, तो पोचल्यावर उत्तर निघते. दोन्ही एकाच वेळी तारेवर नसतात, म्हणून हाफ आणि फुल यांतला तंटा उभाच राहत नाही. बॅकअपमध्ये राउटर मोठमोठे गठ्ठे लागोपाठ पाठवतो आणि त्याच वेळी मुख्य कार्यालयाकडून आधीच्या गठ्ठ्यांच्या पोचपावत्या येत असतात. एक जण वॉकीटॉकीवर आहे आणि दुसरा टेलिफोनवर, तशी ही गाठ. कन्व्हर्टर फुल असल्याने त्याला वाटेल तेव्हा बोलतो. राउटर हाफ, म्हणून आपण बोलत असताना काही ऐकू आले की त्याच्या लेखी टक्कर झाली. तो आपला गठ्ठा मध्येच तोडतो, आणि जी पावती तेव्हा येत होती तीही टाकून देतो.

टक्कर गठ्ठ्याच्या पहिल्या ६४ बाइटांत झाली असती तर फारसे बिघडले नसते. कार्डच तो गठ्ठा क्षणभराने पुन्हा पाठवते. हाफच्या नियमांत टक्कर होऊ शकते ती तेवढ्याच अवधीत. १०० च्या वेगाला हा अवधी ५.१२ मायक्रोसेकंदांचा आहे. पण १५१८ बाइटांचा पूर्ण गठ्ठा जायला सुमारे १२१ मायक्रोसेकंद लागतात. पावती त्यांतल्या कुठल्याही क्षणी येऊ शकते, म्हणजे ती पहिल्या पाचांत येण्याची शक्यता शंभरात चार-पाच. बाकी सगळ्या टकरी उशिराच्या. उशिराची टक्कर नियमांच्या जगात अस्तित्वातच नसल्यामुळे कार्ड तो गठ्ठा सरळ सोडून देते. हरवला आहे हे वरच्या थरातल्या टीसीपीला उशिरा कळते, आणि त्याचा स्वभाव असा, की माल हरवला म्हणजे रस्त्यात गर्दी आहे असे समजून तो वेग कमी करतो. म्हणून १०० च्या तारेवरून २० ची लाइनसुद्धा भरत नाही. रहदारी जितकी जास्त तितके नुकसान जास्त. कोणी तपासायला बसला आणि रहदारी थांबवली, की सगळे ठणठणीत.

पुरावा दोन्ही टोकांना वेगवेगळा पडलेला असतो आणि तो जोडून वाचावा लागतो. हाफ असलेल्या टोकाच्या मोजणीत `late collision` वाढत असतात. फुल असलेल्या टोकाला टकरी माहीतच नसतात. त्याच्याकडे अर्धवट तुटलेले गठ्ठे पोचतात, म्हणून तिथे `CRC` किंवा `FCS` चुका आणि `runts` यांचे आकडे फुगतात. एकच टोक पाहणारा माणूस केबल खराब आहे असे म्हणतो आणि केबल बदलतो. लिनक्स चालवणाऱ्या यंत्रावर `ethtool eth0` ही आज्ञा दिली तर गोष्ट चार ओळींत दिसते:

```
Link partner advertised auto-negotiation: No
Speed: 100Mb/s
Duplex: Half
Auto-negotiation: on
```

आपण बोलतो आहोत, समोरचा गप्प आहे, आणि आपण हाफवर उतरलो आहोत. आजच्या काळात स्विचला जोडलेल्या पोर्टवर `Half` हा शब्द दिसला, की पुढचे काही पाहण्याआधी पलीकडचे टोक तपासावे.

वेग हाताने पक्का करण्याची ही खोड आली कुठून? १९९५ नंतरच्या पहिल्या काही वर्षांत वेगवेगळ्या कंपन्यांच्या चिपांचे मानकाच्या अर्थावरून जुळत नसे आणि बोलणी खरोखरच फसत असे. त्या काळी हाताळलेल्या इंजिनिअरांनी ‘महत्त्वाचा पोर्ट फिक्स करावा’ हा धडा घेतला. १९९८ च्या सुधारित मानकाने संदिग्ध जागा बऱ्याच साफ केल्या. धडा मात्र गुरूकडून शिष्याकडे जात राहिला, आणि कित्येक ठिकाणी आजही लेखी नियमावलीत आहे. तांब्याच्या तारेवरच्या १००० ला तर बोलणी मानकानेच सक्तीची आहे, कारण ताल कोणी धरायचा हे तिच्याशिवाय ठरत नाही.

आपल्या पतसंस्थेपुढे दोन वाटा आहेत. नव्या राउटरचा पोर्टही १०० फुलवर पक्का करायचा. बॅकअप त्याच रात्री सुटेल, पण पुढचा राउटर जळाला की हीच सोमवारची सकाळ पुन्हा येईल. किंवा लाइन देणाऱ्याला सांगून कन्व्हर्टर ऑटोवर आणायचा आणि राउटरही ऑटोवरच ठेवायचा. कोणाला काही कारणाने वेग १०० च्या वर जायलाच नको असेल, तर बोलणी बंद न करता यादी आखूड करता येते. लिनक्सवर ती अशी:

```
ethtool -s eth0 advertise 0x008
```

यातल्या `0x008` चा अर्थ ‘मला फक्त १०० फुल जमते’. झुबके चालू राहतात, समोरच्याला चिठ्ठी मिळते आणि दोघेही फुलवरच येतात. दुरुस्तीनंतर दोन्ही टोकांची मोजणी शून्यावर आणून ठेवावी, कारण जुने आकडे आपोआप पुसले जात नाहीत आणि दुसऱ्या दिवशी ते पाहून कोणीतरी पुन्हा घाबरतो. मग एक रात्र बॅकअप चालू द्यावा. सकाळी `late collision` समोर शून्य असले, तर कन्व्हर्टरच्या डोक्यावर ‘पोर्ट ऑटोवर आहे, बदलू नये’ अशी चिठ्ठी चिकटवून टाकावी, तारखेसकट.